पाटीपासून ओळखीपर्यंत: कर-फर्मच्या ब्रँडची पार्श्वभूमी

सामान्य पगारदाराला जवळची वाटेल, तरी कामात पक्की दिसेल अशी ओळख मुंबईतल्या कर-फर्म आता जाणीवपूर्वक घडवू लागल्या आहेत. आधी तशी गरजच नव्हती. 1949च्या कायद्यानुसार चार्टर्ड अकाउंटंटने जाहिरात करणं किंवा गिऱ्हाईक मागायला जाणं हे गैरवर्तन होतं. फोर्टात दारावर नावाची पाटी असे आणि काम ओळखीतून येई.

2006च्या दुरुस्तीने सेवांची माहिती देणाऱ्या मर्यादित मजकुराला वाट मिळाली. वेबसाइट चालू लागली, पण वाचकाने आपणहून तिथे यावं अशी अट होती. जाहिरातीवरचं बंधन अजूनही वादाचं आहे. स्टेशनबाहेर ‘रिटर्न भरून मिळेल, जास्तीत जास्त रिफंड’ असा फलक लावणाऱ्या बिगर-सीए सल्लागाराला हे बंधन लागू नाही, मग आम्हालाच का, असा फर्मचा सवाल असतो. तक्रार खरी आहे, पण जाहिरात मोकळी केल्याने प्रश्न सुटेल असं वाटत नाही. त्याच कायद्यातलं दुसरं बंधन जास्त मोलाचं आहे: रिफंडच्या टक्केवारीवर सीएला फी ठरवता येत नाही. टक्केवारीवर काम करणाऱ्याला वजावट फुगवण्यात फायदा असतो. जुलै 2025मध्ये खोट्या वजावटी दाखवून रिफंड काढून देणाऱ्यांवर देशभर छापे पडले. त्यानंतर नोटिसा दलालाला नाही, रिटर्न ज्याच्या नावावर होतं त्याला उत्तर द्यायला लावतात, हे लोकांना कळलं.

2021पासून प्राप्तिकर खात्याच्या वार्षिक माहिती विवरणात व्याज, लाभांश, शेअर व्यवहार आयतेच दिसू लागले. रकमा भरून देण्याचं काम त्यामुळे हलकं झालं. फर्मची किंमत आता चूक ओळखण्यात आणि ती साध्या मराठीत सांगण्यात आहे.

उदाहरण घ्या. ठाण्यात भाड्याने राहणारी, अंधेरीत नोकरी करणारी एक महिला जुन्या करपद्धतीत आहे. वर्षाचा मूळ पगार 6 लाख, घरभाडे भत्ता 3 लाख, दिलेलं भाडं 3 लाख 60 हजार. 1962च्या प्राप्तिकर नियमांत या भत्त्यावरच्या सुटीची मर्यादा मुंबईतल्या घरासाठी पगाराच्या 50 टक्के, ठाण्यासाठी 40 टक्के होती. नोकरी कुठे आहे हे बघितलं जात नाही. कंपनीने नोकरीच्या पत्त्यावरून 3 लाखांची सूट धरली, प्रत्यक्षात ती 2 लाख 40 हजार. ‘ताई, तुमचे 60 हजार जास्त धरलेत, त्यावरचा कर आत्ताच भरून टाका’ हे वाक्य पहिल्याच भेटीत बोलणारी फर्म रिफंड कमी करते. तरीही ती बाई पुढच्या वर्षी तिथेच येते आणि आपल्या ऑफिसातल्या ठाणे-डोंबिवलीकरांना पत्ता देते. नियमात बसणारी प्रसिद्धी हीच, आणि ती मिळवायला समोर बसणाऱ्या कनिष्ठ कर्मचाऱ्यालाही हा हिशेब तोंडी समजावता यायला हवा.