भक्तीतील देहभाव: अश्रू, संचार आणि सामूहिक उधाण

भक्तीच्या वेळी शरीरात उमटणारे बदल, म्हणजे डोळ्यांतून पाणी येणे, काटा उभा राहणे, कंठ दाटणे, भान हरपणे, अंगात येणे आणि जमावाने एकाच लयीत भारून जाणे, यांना धर्म व भावना यांच्या अभ्यासात एकत्रितपणे देहभाव म्हणता येईल. भावना आधी मनात येते आणि शरीर ती नंतर दाखवते, अशी सर्वसाधारण समजूत असते. भक्तीच्या बाबतीत उलट क्रमही तितकाच खरा ठरतो. पाय, श्वास आणि आवाज आधी एका वळणावर येतात व त्यांच्यामागून भाव येतो.

शरीराच्या या खुणांची यादी भारतात जुनी आहे. नाट्यशास्त्राने स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, कंप, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय (शुद्ध हरपणे) असे आठ सात्त्विक भाव सांगितले. ते रंगभूमीसाठी होते, पण भक्तिपरंपरांनी ते उचलले. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या शेवटी संजयाची जी अवस्था वर्णिली आहे, त्यात चित्त थबकणे, वाचा पांगुळणे, पायापासून डोक्यापर्यंत रोमांच आणि अर्धवट मिटलेल्या डोळ्यांतून आनंदाचे पाणी हे सारे ओळीने येते.

बंगाली वैष्णव आचार्य रूप गोस्वामी यांनी सोळाव्या शतकात भक्तिरसामृतसिंधूत या भावांच्या पायऱ्या लावल्या. एखाददुसरी खूण किंचित दिसली आणि ती लपवता आली तर तो ‘धूमायित’ भाव, म्हणजे नुसता धूर. दोन-तीन खुणा एकदम उमटल्या आणि लपवणे जड गेले तर ‘ज्वलित’. तीन ते पाच खुणा आवरेनाशा झाल्या तर ‘दीप्त’, आणि त्याहूनही पुढे ‘उद्दीप्त’. खुणा किती आणि त्या लपवता येतात का, हे दोन निकष कोणालाही पाहता येतील असे आहेत. त्यांनी सात्त्विकाभासाचीही नोंद केली. काहींचे मन स्वभावतःच निसरडे असते, काहींना सरावाने रडू आणता येते. अशांचे अश्रू ‘निःसत्त्व’. डोळ्यातले पाणी हा भक्तीचा पुरावा नव्हे, हे भक्तिशास्त्राला कोणा टीकाकाराने शिकवलेले नाही.

एकट्याच्या देहाकडून जमावाकडे वळले की फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांचे नाव येते. माणसे विखुरलेली असताना जीवन सपाट असते. ती दाटीने एकत्र आली की एकाचा आवेग दुसऱ्यात प्रतिध्वनित होऊन वाढत जातो आणि आपल्याहून मोठी शक्ती आपल्याला हलवते आहे असे वाटू लागते, असे त्यांनी 1912 साली मांडले. हेच सामूहिक उधाण. त्यांचा आधार ऑस्ट्रेलियातील आदिवासींची दुसऱ्यांनी लिहिलेली वर्णने होती. ते स्वतः तिकडे गेले नव्हते. त्यामुळे उधाण चढते कसे यावर त्यांनी लिहिले, ते उतरवले कसे जाते यावर कमी.

ही उणीव ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्यात भरून निघते. उधाण चढते ते गोल रिंगणात. मोकळ्या मैदानात वर्तुळाकार धाव आखलेली असते आणि मध्यभागी पालखी ठेवतात. आधी पताकावाले धावतात, मग डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया, विणेकरी, टाळकरी, पखवाजवादक. प्रत्येक गटाला आपली फेरी मिळते, त्यामुळे आवेग एकदम न फुटता टप्प्याटप्प्याने चढतो. शेवटी दोन अश्व सुटतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो, दुसऱ्याची पाठ मोकळी असते, कारण तीवर माउली बसलेले असतात. मोकळा अश्व पुढे निघाला की ‘माउली, माउली’चा गजर टिपेला पोचतो. तो गेल्यावर लोक वाकून टापांखालची माती कपाळी लावतात. त्यानंतर पालखीभोवती दाटीने उडीचा खेळ रंगतो. बिघडते ते बहुधा धावेवरच. बघे आत सरकले की वर्तुळ अरुंद होते, अश्व बुजतो किंवा फेरी अर्ध्यावर तुटते, आणि मग गजर चढण्याऐवजी त्याचा नुसता गलका होतो.

उधाण उतरवण्याची रीत मुक्कामाच्या ठिकाणी समाजआरतीला दिसते. दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात, हजारो टाळ वाजत असतात. चोपदार दंड उंचावतात आणि काही क्षणांत सारे थांबते. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर ती मात्र टाळ वाजवतच राहते. त्या शांततेत तेवढेच टाळ ऐकू येतात, चोपदार तिकडे जातात, गाऱ्हाणे ऐकून घेतात, मग टाळ थांबतात. हरवले-सापडलेले पुकारले जाते आणि आरती होते. रागालाही येथे शिस्तीचे वाद्य दिलेले आहे.

संचार किंवा अंगात येणे ही याहून वेगळी गोष्ट. जागरण-गोंधळात संबळाची लय चढली की एखादी बाई घुमू लागते, केस सुटतात, श्वास जोराने फुटतो. भोवतालचे लोक विचारतात, ‘कोण आलंय?’ उत्तर आले, देवीचे नाव आणि मागणे कळले, हळदकुंकू लागले की वारे उतरते. संबळ ऐकून सगळेच का घुमत नाहीत, या प्रश्नाचे उत्तर वाद्यात नाही. वाद्य आपोआप संचार आणत नाही. ते येणाऱ्या देवतेची ओळख पटवते आणि आलेल्या संचाराला आकार देते, असे फ्रेंच संगीत-मानवशास्त्रज्ञ झिल्बेर रूजे यांनी 1980 साली दाखवले. वारकरी परंपरेत अंगात येण्याला मान नाही. रिंगणात तर देवाला बसायला माणसाचे अंग दिलेलेच नाही, घोड्याची पाठ दिली आहे. वारकऱ्याच्या वाट्याला धावणे, गाणे आणि माती येते. ही योजना कोणी मुद्दाम आखली असे म्हणता येणार नाही, पण परिणाम तोच होतो: आवेग सगळ्यांचा राहतो, ज्याच्या अंगात येते त्या एका ‘झाडा’चा होत नाही.

हे उधाण मोजता येते का? स्पेनमधील सान पेद्रो मान्रिके या गावात जूनमध्ये निखाऱ्यांवरून चालण्याचा विधी होतो. तेथे चालणाऱ्यांच्या आणि पाहणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके नोंदवून 2011 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चालणारा आणि त्याचे नातलग वा मित्र यांच्या ठोक्यांचे चढउतार जुळत होते. तिथेच उभ्या असलेल्या परक्या प्रेक्षकांचे मात्र जुळत नव्हते. आवाज, उष्णता, गर्दी दोघांनाही सारखीच होती. म्हणजे नुसती दाटी पुरत नाही, आधीचे नाते लागते. रिंगणातही कित्येक दिवस एकत्र चाललेली दिंडी आणि फोन उंचावून उभा असलेला पाहुणा यांना एकाच ‘जमावात’ मोजणे म्हणूनच चुकीचे ठरते.

जुळण्याला दुसरी हद्दही आहे. इरावती कर्वे यांनी वारीवरील लेखात नोंदवले आहे की एकाच वाटेवर तेच अभंग गात चालणाऱ्या दिंड्या जातीप्रमाणे वेगळ्या होत्या. दिवसभर ब्राह्मण आणि मराठा बायांचा आवाज एका चालीवर लागे. मुक्कामाला चुली मात्र दोन पेटत.