नवरात्रात अंबाबाई–जोतिबा–वाडी : गाडीचं भाडं, वेळ आणि वेटिंगचा हिशोब

घटस्थापना जवळ आली की आमच्या फोनवर एकच प्रश्न दिवसभर असतो, "कोल्हापूरला जाऊन यायचं, किती घ्याल?" आकडा सांगायला आम्हाला अडचण नाही. पण परत आल्यावर दारात उभं राहून "एवढं कसं झालं?" हा दुसरा प्रश्न येतो, त्याचं उत्तर त्या पहिल्या फोनमध्येच द्यायला हवं असतं. म्हणून यंदा हे कागदावर आणलंय. गाडी ठरवण्याआधी घरातल्या ज्यांच्या हातात कार्यक्रम असतो त्यांनी एकदा वाचावं.

आधी भाडं. सांगलीहून अंबाबाई, जोतिबा आणि नरसोबाची वाडी करून परत, असा बारा तास आणि १८० किलोमीटरचा ठराव आहे. डिझायरला ३,००० रुपये, अर्टिगाला ३,८०० आणि क्रिस्टाला ५,४००. डिझेल आणि ड्रायव्हरचा भत्ता यातच आला. पार्किंग आणि टोल पावतीप्रमाणे तुमच्याकडे. जाताना जयसिंगपूर–हातकणंगले रस्ता धरतो. पेठ नाक्याकडून हायवेने न्या म्हणालात तर किणीचा टोल लागतो, तो रस्ता तुमच्या आवडीचा.

किलोमीटर जास्त झाले तर डिझायरला १२, अर्टिगाला १५ आणि क्रिस्टाला २० रुपये दर किलोमीटरला. वेळ जास्त झाला तर तासाला त्याच क्रमाने १२०, १५० आणि २००. वेळ अर्ध्या तासाच्या हिशोबाने धरतो, त्याच्या आतली मिनिटं सोडून देतो. रात्री दहानंतर गाडी चालू असेल तर ड्रायव्हरला रात्रीचे ३०० रुपये वेगळे.

किलोमीटर आमच्या थांब्यापासून थांब्यापर्यंत मोजतो. यावर थोडी कुरकुर होते, आणि ती आम्हाला कळते. पण गाडी विश्रामबागला तुमच्या दारात येते आणि रात्री तिथून परत जाते, तेव्हाही ती डिझेलवरच चालते. निघताना ड्रायव्हर मीटरचा आकडा तुमच्यातल्या कुणाला तरी दाखवतो, त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. आम्हीही काढतो. दोघांकडे फोटो असला की बिलाच्या वेळी आवाज चढत नाही.

आता वेटिंग. "गाडी तर उभीच होती, तिचे कसले पैसे?" असं बरेच जण विचारतात. नवरात्रात कोल्हापूरच्या सहलीत गाडी चालते कमी आणि उभी राहते जास्त. त्या उभ्या वेळेत ती दुसरं भाडं करू शकत नाही, आणि ड्रायव्हरला गाडी सोडून जाता येत नाही. म्हणून आम्ही दर्शनाच्या थांब्याचे वेगळे पैसे लावत नाही, सगळा वेळ त्या बारा तासांतच धरतो. रांगेत तीन तास गेले तरी बारा तासांच्या आत परत आलात तर वेटिंग शून्य. काही ठिकाणी भाडं कमी सांगतात आणि दर थांब्याला पहिला अर्धा तास सोडून पुढे मीटर लावतात. तिथला आकडा आमच्यापेक्षा कमी वाटला तर एवढंच विचारून घ्या.

बारा तास सुरू होतात ते तुम्ही दिलेल्या वेळेपासून. पाच वाजता सांगितलं असेल तर गाडी पाचला दारात असते. पहिली पंधरा मिनिटं आमच्याकडून. डबा, पाण्याच्या बाटल्या, आजींची काठी, ओटीची पिशवी यात तेवढा वेळ जातोच. सव्वापाचपासून घड्याळ चालू. गाडीच उशिरा आली तर ती येईल तेव्हापासून.

सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा जातो तो मात्र या कशातही नाही. तो जातो "एवढं आलोच आहोत तर" या वाक्यात. ठरवताना तीन ठिकाणं सांगायची आणि वाडीला पोचल्यावर खिद्रापूर काढायचं. गेल्या नवरात्रातला एक हिशोब खाली मांडतो, कुटुंबाचं नाव अर्थातच देत नाही.

शुक्रवार, अर्टिगा, मोठी माणसं पाच आणि एक मुलगी. वेळ पाचची होती, निघाले पावणेसहाला. कोल्हापूरला सव्वासातला पोचले तेव्हा रांग लांबली होती. मंगळवार-शुक्रवार देवीचे वार, त्यात नवरात्र, त्यामुळे सकाळचा पाऊण तास गेला की रांगेत त्याचे दोन तास होतात. दर्शन, ओटी, मिसळ आणि महाद्वार रोडची खरेदी होऊन गाडीत बसायला साडेअकरा वाजले. जोतिबाला जेवण करून तीनला निघाले. वाडीत पावणेपाचला उतरले, पादुकांचं दर्शन झालं, बासुंदी झाली, कवठाची बर्फी घेतली. सहा वाजता मुलगी म्हणाली, शाळेत खिद्रापूरचं मंदिर शिकवलंय. तिथून सतरा-अठरा किलोमीटर. ड्रायव्हर नाही म्हणाला नाही, कारण गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं त्याच्या जिवावर येतं.

कोपेश्वराच्या देवळात पोचेपर्यंत अंधार पडला. तिथला स्वर्गमंडप म्हणजे ४८ खांबांचा गोल मंडप, वर छताला मोकळं वर्तुळ. त्या वर्तुळातून उजेड खाली येतो आणि खांबांवरचं कोरीवकाम दिसतं, म्हणून तर जायचं. या मंडळींनी मोबाईलच्या टॉर्चवर चार खांब पाहिले. घरी परत यायला पावणेनऊ झाले.

सव्वापाच ते पावणेनऊ साडेपंधरा तास, म्हणजे साडेतीन तास जास्त, त्याचे ५२५ रुपये. मीटर २०२ किलोमीटर, म्हणजे बावीस जास्त, त्याचे ३३०. मूळ ३,८०० धरून बिल ४,६५५, वर पार्किंग. हेच चौथं ठिकाण बुकिंगच्या वेळी सांगितलं असतं तर चौदा तास आणि २१० किलोमीटरचा ठराव अर्टिगाला ४,२०० मध्ये होता. चौदाच्या वरच्या दीड तासाचे २२५ धरूनही २३० रुपयांचा फरक पडतोच, पण महत्त्वाचं म्हणजे आम्ही क्रम बदलला असता. जोतिबाहून आधी खिद्रापूर उजेडात आणि वाडी शेवटी. वाडीत संध्याकाळ चालते, उलट दिवे लागल्यावर घाटावर बरंच वाटतं. वाडीहून सांगली जेमतेम बावीस किलोमीटर, मुलं झोपेपर्यंत घर येतं.

तेव्हा ठिकाणं आधी सांगा, मनात नुसतं आलेलं असलं तरी. नंतर रद्द केलंत तर चौथ्या ठिकाणाचा फरक आम्ही परत करतो. ऐनवेळी वाढवलंत तर मात्र वरचा दर लागतो. एका दिवसात चारच्या पुढे ठिकाणं आम्ही घेत नाही. पहाटे चारला उठलेला माणूस रात्री अकरापर्यंत तुमच्या मुलाबाळांना घेऊन गाडी चालवतोय, हे आम्हाला पटत नाही, मग भाडं कितीही मिळो.

कोल्हापुरातली एक अडचण दरवर्षीची. नवरात्रात देवळाभोवतीचे रस्ते वाहनांना बंद असतात. गाडी बिंदू चौकाच्या बाजूला किंवा पोलीस त्या दिवशी पाठवतील त्या पार्किंगला लागते. दर्शन झाल्यावर "महाद्वारात गाडी आणा" असा फोन येतो, तिथे गाडी आणता येत नाही. शिवाय देवळाला चारही बाजूंना दरवाजे. निम्मी माणसं घाटी दरवाजाने बाहेर पडतात, निम्मी महाद्वाराने, आणि एकमेकांना शोधण्यात अर्धा तास जातो. उतरतानाच ड्रायव्हर एक जागा सांगेल, सगळ्यांनी तिथेच यायचं. म्हाताऱ्या माणसाला चालवत नसेल तर बुकिंगलाच कळवा, पोलीस सोडतील तिथपर्यंत जवळ उतरवतो आणि परत येताना त्यांना पाच मिनिटं बसता येईल अशी जागा धरतो. ज्यांना लांब रांग झेपत नाही त्यांच्यासाठी मुखदर्शनाची रांग असते, ती बरीच लवकर सरकते.

सणाची सवलत अशी. सर्वपित्री अमावास्येपर्यंत बुकिंग केलं आणि सोमवार, बुधवार किंवा शनिवार घेतला तर वरच्या दोन्ही ठरावांत ३०० रुपये कमी. मंगळवार, गुरुवार, शुक्रवार आणि रविवारी सवलत नाही, रविवार जोतिबाचा असल्याने डोंगरावरही गर्दी असते. ललिता पंचमीला देवीची पालखी त्र्यंबोलीला जाते, अष्टमीला नगरप्रदक्षिणा असते. या दोन दिवशी कोल्हापुरात गाडी कुठे अडकेल सांगता येत नाही, म्हणून बारा तासांऐवजी चौदाचाच ठराव घ्या असं आम्ही सांगतो. गाड्या मोकळ्या असताना सोमवारी जाणारे लोक दर्शनही निवांत घेतात, हे फुकट सांगतो.

तुळजापूरचं गणित वेगळं आहे. पंढरपूर करून तुळजापूर आणि परत, साधारण पाचशे किलोमीटर धरा. इथे किलोमीटरचा दर, दिवसाला किमान ३०० किलोमीटर आणि भत्ता ५००. लोक रात्री दहाला निघतात, पहाटे देवीचं दर्शन घेतात आणि दुसऱ्या संध्याकाळी परत येतात. बऱ्याच ठिकाणी तारीख बदलली म्हणून याचे दोन दिवस लावतात, म्हणजे सहाशे किलोमीटरचे पैसे. आम्ही निघाल्यापासून चोवीस तासांचा एक दिवस धरतो. अर्टिगाला पाचशे किलोमीटरचे ७,५०० अधिक भत्ता, आणि या प्रवासाला रात्रीचे ३०० लावत नाही.

माणसं किती तेही नीट सांगा. अर्टिगात ड्रायव्हर सोडून सहा, त्यात लहान मूलही एक माणूस. "मांडीवर बसेल" हे घरात ठीक असतं, घाटात नाही. आमच्या सगळ्या गाड्या पिवळ्या पाटीच्या आहेत. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने पाचशे-सातशे स्वस्त मिळते, पण तसं भाडं मारणं बेकायदा आहे आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते.

बुकिंगला १,००० रुपये आगाऊ. निघण्याच्या आदल्या दिवशी दुपारपर्यंत रद्द केलं तर पूर्ण परत, नंतर केलं तर निम्मे. सोयर-सुतक आलं तर कधीही कळवा, पूर्ण परत देतो. मेसेज करताना तारीख, निघण्याची वेळ, कुठून बसणार, माणसं किती आणि सगळी ठिकाणं एवढं लिहिलंत की तासाभरात पक्का आकडा मिळेल. दसऱ्याच्या सकाळी मात्र नऊच्या आधी एकही गाडी निघणार नाही, त्या दिवशी गाड्यांची पूजा असते.