कर्माचा ‘ला’ : सजीव-निर्जीव एवढ्यानेच ठरतो का?

“कर्म सजीव असेल तर ‘ला’ लागतो, निर्जीव असेल तर लागत नाही. नियम एवढाच ना?”

नाही, हा अर्धाच नियम झाला. ‘आम्ही स्वयंपाकी शोधतोय’ या वाक्यातला स्वयंपाकी सजीवच आहे, तरी ‘ला’ नाही, कारण कोणीही चालेल. ‘आम्ही स्वयंपाक्याला शोधतोय’ म्हटलं की ठरावीक माणूस, बहुधा न सांगता निघून गेलेला. म्हणजे सजीवपणाच्या जोडीला निश्चितपणाही लागतो. विशेषनाम आणि ‘मी-तू’ निश्चितच असतात, म्हणून ‘रमेशला पाहिलं’, ‘मला पाहिलं’ यांत सूट नाही. प्राण्यांच्या बाबतीत मात्र मोकळीक आहे: ‘ती गाय बांध’ आणि ‘त्या गायीला बांध’ दोन्ही चालतात.

निर्जीवाला नुसता निश्चितपणा पुरत नाही. ‘मी ते पुस्तक वाचलं’ हेच सहज. ‘त्या पुस्तकाला वाचलं’ कानाला खटकतं (हिंदीत ‘उस किताब को’ खपतं, तिथून ही सवय येते). पण ‘तो दगडाला देव मानतो’ यात ‘ला’ हवाच. दोन नामं शेजारी आल्यावर कर्म कोणतं आणि त्याबद्दलचं विधान कोणतं, हे त्याशिवाय कळत नाही.

भूतकाळात क्रियापदही बदलतं. ‘तिने मुलगी पाहिली’ यात क्रियापद मुलीप्रमाणे चालतं. ‘तिने मुलीला पाहिलं’ यात ते नपुंसकलिंगी एकवचनात थांबतं. ‘आईने मुलीला निजविली’ अशी जुनी वाक्यं याला अपवाद. व्याकरणात त्यांना कर्म-भाव संकर म्हणतात.