अंगात येणे

एखाद्या देवतेने किंवा मृतात्म्याने माणसाच्या देहाचा ताबा घेऊन त्याच्या तोंडून बोलणे, या लोकसमजुतीला मराठीत ‘अंगात येणे’ म्हणतात. देव आला असेल तर ‘वारे’, ‘संचार’ किंवा कोकणात ‘अवसर’ असे शब्द योजले जातात. भूत असेल तर ‘बाधा झाली’, ‘लागीर झाले’ किंवा नुसते ‘बाहेरचे आहे’ म्हणून विषय आवरता घेतला जातो. घुमणे, केस मोकळे सोडणे, नजर थिजणे, आवाज बदलणे ही बाह्य लक्षणे दोन्हींत जवळजवळ सारखीच असतात. म्हणूनच आलेले वारे देवाचे की भुताचे हा निवाडा उपचाराइतकाच महत्त्वाचा ठरतो, आणि तो बाधित व्यक्ती एकटी करीत नाही. घरचे, गावातले जाणते आणि देवऋषी किंवा भगत मिळून तो करतात.

देवाचे वारे सहसा ठरलेल्या वेळी येते: जत्रेत, नवरात्रात, संबळ किंवा हलगी वाजू लागल्यावर, आरतीच्या वेळी. लोक पाया पडतात, गाऱ्हाणे घालतात, उत्तर घेतात, आणि भंडारा किंवा अंगारा लावला की वारे उतरते. चित्पावनांच्या घरी नवरात्रातील अष्टमीला महालक्ष्मीसमोर घागर फुंकताना एखाद्या स्त्रीच्या अंगात देवी येते, तेव्हा एरवी वडीलधाऱ्यांसमोर न बोलणाऱ्या सुनेलाही घरातले प्रश्न विचारतात. भूत मात्र अवेळी येते, खाणेपिणे तोडते आणि आपले नाव सांगायला तयार नसते.

नाव सांगायला लावणे हाच भूत उतरवण्याच्या विधीचा गाभा आहे. नेहमीचे उदाहरण नव्याने सासरी आलेल्या मुलीचे असते: ती जेवत नाही, रात्री दचकते, मध्येच हसते. देवऋषी आधी कौल लावतो. मूठभर दाणे चिमटीने वेगळे करून सम-विषम मोजतो आणि दुखणे शरीराचे, देवाच्या कोपाचे, करणीचे की बाधेचे ते ठरवतो. बाधा निघाली तर अमावास्येला किंवा मंगळवारी तिला समोर बसवून ऊद जाळतात आणि तिला ‘झाड’ समजून, म्हणजे भूत बसण्याची जागा मानून, तिच्याशी नव्हे तर भुताशी बोलतात. ‘कोण तू? कुठं धरलंस? काय पाहिजे?’ बऱ्याच वेळाने उत्तर येते, की मी बाळंतपणात गेलेली थोरली जाऊ, विहिरीच्या वाटेवर धरले, माझ्या नावाने कोणी साडी दिली नाही. मागणी मान्य होते, ‘सोडते’ असे वदवून घेतले जाते आणि दहीभात, लिंबू, नारळ यांचा उतारा तिन्हीसांजेला तिठ्यावर ठेवून तो नेणारा मागे न पाहता परततो.

अशा विधीत बरे होणे म्हणजे केवळ लक्षण जाणे नव्हे. राहून गेलेला नवस, विसरलेले कुलदैवत, अतृप्त मेलेले माणूस यांपैकी कोणाचे तरी घराने देणे लागते, ते फेडले की देह मोकळा होतो, अशी ही समजूत आहे. मुलीला दोष लागत नाही आणि तिच्या तोंडची तक्रार घराला ऐकून घ्यावी लागते. यामुळे काहींना खरोखर उतार पडत असावा, हे अभ्यासकांचे म्हणणे पटण्यासारखे आहे. मात्र सासरचा जाच तसाच राहिला तर भूतही परतते आणि तेव्हा देवऋषी अधिक जबर भूत असल्याचे सांगतो.

कर्नाटकातील भीमा-अमरजा संगमाजवळच्या गाणगापूरला मध्यस्थही लागत नाही. निर्गुण मठातील आरतीला घंटा वाजू लागताच बाधित माणसे किंचाळतात, खांबांवर चढतात, दत्तात्रेयाला शिव्याही देतात. त्या शिव्या भुताच्या मानल्या जात असल्याने कोणी त्यांना आवरत नाही. आरती संपली की तीच माणसे पदर सावरून प्रसादाच्या रांगेत उभी राहतात. कुटुंबे येथे आठवडेच्या आठवडे राहतात आणि स्वप्नात आदेश मिळाल्यावर गाव धरतात.

फेफरे, बाळंतवेड किंवा तीव्र मनोविकार यांना बाधा समजल्यास औषधाला उशीर होतो, हा या उपचारांचा सर्वांत मोठा धोका आहे. झटक्यात जीभ चावली जाणे, कपड्यांत लघवी होणे, वाद्य किंवा प्रश्न यांना प्रतिसादच नसणे ही घुमण्यापेक्षा फेफऱ्याकडे बोट दाखवणारी लक्षणे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेचे रोगवर्गीकरणही समाजमान्य विधीतील संचाराला विकार मानत नाही. तो इच्छेविरुद्ध येऊन दैनंदिन जगणे मोडत असेल तरच मानते.

भूत बोलत नाही म्हणून माणसाला साखळीने बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हे प्रकार महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवले असून त्यांस 6 महिने ते 7 वर्षे कैद आणि दंडाची शिक्षा आहे. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्राचे उपचार करणे हाही त्यात गुन्हा आहे. घरात किंवा देवळात, कोणाला इजा न करता अंगात येण्यावर मात्र या कायद्याने बंदी घातलेली नाही.