दोन-तीन दमदार कोट्स म्हणजे थीमचा पुरावा?

"मुलाखतींवरच्या संशोधनात थीमखाली, म्हणजे लोकांच्या बोलण्यातून निघालेल्या समान मुद्द्याखाली, दोन-तीन दमदार कोट्स टाकले की थीम सिद्ध होते."

नाही होत. कोट फक्त एवढंच दाखवतो की असं कोणीतरी बोललं, बाकीचे काय बोलले ते त्यातून कळतच नाही. समजा घरून काम करणाऱ्या 12 जणांच्या मुलाखती आहेत आणि थीम काढलीय 'एकटेपणा'. आता मुलाखतींतल्या ज्या ज्या तुकड्यांना 'एकटेपणा' हा कोड, म्हणजे लेबल, लावलंय ते सगळे एकत्र काढा, फक्त आवडलेले नाही, आणि प्रत्येकापुढे कोण बोललं ते लिहा. समजा 9 तुकडे निघाले पण माणसं 4च, आणि चौघंही एकटे राहणारे. मग उरलेल्या 8 ट्रान्सक्रिप्ट परत वाचायच्या, मुद्दाम उलटं काही सापडतंय का ते बघत. तिथे कोणी म्हणतं, "घरात पाच मिनिटं एकटं बसायला मिळत नाही." हा कोट लपवायचा नाही, थीमच बदलायची: त्रास एकटेपणाचा नाही, एकटं कधी असावं हे आपल्या हातात नसण्याचा आहे, आणि मग नवी थीम पुन्हा बाराही मुलाखतींवर तपासायची.

आणखी एक, कोटच्या आधीचा प्रश्न नक्की वाचा. "एकटं वाटतं का?" असं विचारल्यावर आलेलं "हो, वाटतं ना" हे आपणहून सांगितल्याइतकं वजनदार नसतं.