‘करमुक्त’ आणि ‘कर कंपनी भरेल’: अमेरिकेच्या रिलोकेशन लेटरमधला फरक

पुण्याच्या ऑफिसमधून अमेरिकेला निघालेला जवळजवळ प्रत्येक जण सांगतो, “रिलोकेशनचे पैसे टॅक्स-फ्री आहेत.” ते टॅक्स-फ्री नसतात. पत्रात लिहिलेलं असतं की त्यावरचा कर कंपनी भरेल, म्हणजे ग्रॉस-अप. नोकरी टिकली तर या दोन्हींत तुम्हाला काहीच फरक जाणवत नाही. मुदतीआधी राजीनामा दिलात की हजारो डॉलरचा फरक पडतो.

स्थलांतराच्या खर्चाला अमेरिकेत पूर्वी करसवलत होती. २०१८ पासून ती थांबली आणि २०२५ च्या कायद्याने कायमची गेली. सैन्य आणि गुप्तचर खात्यातल्या काही लोकांपुरती तेवढी उरली. त्यामुळे एकरकमी भत्ता असो, बिलं दाखवून मिळालेले पैसे असोत, की कंपनीने पॅकर्सना परस्पर दिलेलं भाडं, सगळं तुमच्या पगारात धरलं जातं आणि वर्षअखेरीच्या डब्ल्यू-२ या पगार आणि कराच्या दाखल्यावर दिसतं. म्हणून “बिलं जपून ठेवू का?” या प्रश्नावर मला वेळ घालवायचा नाही. कंपनी मागत असेल तर ठेवा, करात त्याने काही बदलत नाही.

आता ग्रॉस-अप. समजा एक इंजिनिअर ऑक्टोबर २०२५ मध्ये टेक्सासला गेली. तिथे राज्याचा आयकर नाही, त्यामुळे हिशेब सोपा. पत्रात १२,००० डॉलर ‘नेट’ कबूल केले आहेत. अशा रकमांवर कंपन्या सहसा २२ टक्के केंद्रीय आयकर कापतात. वर सोशल सिक्युरिटीचे ६.२ आणि मेडिकेअरचे १.४५ टक्के. एकूण २९.६५. हातात पूर्ण १२,००० पडावेत म्हणून कंपनी तिच्या पगारात सुमारे १७,०५८ डॉलर दाखवते आणि त्यातले ५,०५८ सरकारला भरते. हे ५,०५८ तिने कधी पाहिलेलेही नाहीत, पण कागदोपत्री ती तिचीच कमाई आहे.

पत्रात असं कलम आहे की बारा महिन्यांच्या आत नोकरी सोडल्यास ‘करसाहाय्यासह कंपनीने केलेला सर्व खर्च’ परत करावा लागेल. सगळी मेख ‘करसाहाय्यासह’ या शब्दात आहे. ती मार्च २०२६ मध्ये सोडते आणि १२,००० भरायची तयारी ठेवते. मागणी येते १७,०५८ ची.

तिने डिसेंबर २०२५ संपायच्या आत सोडून पैसेही तेव्हाच परत केले असते, तर कंपनीला त्याच वर्षाच्या पगारपत्रकात कापलेला कर उलटवता आला असता आणि १२,००० मध्ये प्रकरण मिटलं असतं. आपल्या डोक्यात ३१ मार्च बसलेला असतो. तिथे करवर्ष ३१ डिसेंबरला संपतं. ती तारीख उलटली की कंपनीला मागच्या वर्षीचा आयकर सरकारकडून परत घेता येत नाही. सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे सुमारे १,३०५ डॉलर तेवढे घेता येतात. तुमची लेखी संमती देऊन ते स्वतःच्या पदरात पाडून घ्या, मागितल्याशिवाय क्वचितच मिळतात.

उरलेल्या ३,७५३ डॉलरच्या आयकरासाठी तिला स्वतःच्या २०२६ च्या विवरणपत्रात अमेरिकी आयकर कायद्याच्या कलम १३४१ खाली दावा करावा लागतो. त्यासाठी मागच्या वर्षीचा कर ती कमाई वगळून पुन्हा काढायचा आणि जो फरक येईल त्याचं क्रेडिट घ्यायचं. हा फरक नेमका २२ टक्के येईलच असं नाही. ती ऑक्टोबरमध्ये आली, तीन महिन्यांचाच पगार झाला, तेव्हा तिचा खरा दर कमी असू शकतो. त्यातच हा मार्ग परत केलेली रक्कम ३,००० डॉलरपेक्षा जास्त असेल तरच खुला आहे. परतफेड महिन्यागणिक घटत असेल आणि अकराव्या महिन्यात १,४०० डॉलर भरावे लागले, तर त्यावर गेलेला आयकर गेलाच.

तरीही महिन्यागणिक घटणारी परतफेड मी केव्हाही पसंत करेन. ‘बारा महिन्यांपर्यंत शंभर टक्के’ हे कलम मला सरळ अन्यायाचं वाटतं: अकरा महिने काम केलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात पळालेल्याइतकाच दंड का? मुदत रुजू झाल्यापासून मोजतात की शेवटचा भत्ता मिळाल्यापासून, तेही पत्रात पाहा. आणि एच-१बी वर जात असाल तर परतफेडीच्या यादीत व्हिसाची फी आहे का ते तपासा. तिच्यातली प्रशिक्षण निधीची फी कर्मचाऱ्याकडून वसूल करायला कायद्याने साफ मनाई आहे.

सहीपूर्वी एचआरला एकच वाक्य बदलायला सांगा: “परतफेड कर्मचाऱ्याला प्रत्यक्ष मिळालेल्या निव्वळ रकमेपुरती मर्यादित राहील.” अनेक कंपन्या हे मान्य करतात, पण फक्त सहीपूर्वी. फोनवर “तसंच करू हो” म्हणाले तर तेच ईमेलवर मागा.