कंपोस्टच्या डब्यातली हवा कुठे अडते?

बाल्कनीतल्या कंपोस्टच्या डब्याला वास यायला लागला की पहिला सल्ला मिळतो तो विरजण वाढवण्याचा. मग कुणी आंबट ताक ओततं, कुणी गूळपाणी, कुणी कल्चरची नवी पिशवी फोडतं. वास काही कमी होत नाही, उलट वाढतो. कारण डब्यात जिवाणूंची टंचाई कधीच नव्हती. दुधीच्या सालीवर आणि कोथिंबिरीच्या मातकट देठांवर ते आधीपासूनच असतात, तेही लाखांनी. ते गुदमरलेले असतात, आणि आपण वरून आणखी पाणी घालतो.

कुजण्याच्या दोन वाटा आहेत. ऑक्सिजन मिळाला तर जिवाणू सालीतल्या कार्बनचा कार्बन डायऑक्साइड करतात. सोबत पाणी आणि उष्णता निघते, आणि यातल्या कशालाच वास नसतो. ऑक्सिजन संपला की दुसऱ्या जिवाणूंचं राज्य सुरू होतं. त्यांना कार्बनचं काम शेवटापर्यंत नेता येत नाही. अर्धवट कुजलेली आम्लं मागे राहतात. त्यातलं ब्युटिरिक आम्ल म्हणजे खवट लोण्याचा वास. हायड्रोजन सल्फाइड म्हणजे सडक्या अंड्याचा.

डब्याला चहूबाजूंनी भोकं असूनही ऑक्सिजन का संपतो, हा खरा प्रश्न. माझ्या मते सगळ्या कंपोस्टशास्त्राचा गाभा इथेच आहे. ऑक्सिजनचे रेणू हवेतून जितक्या सहज पसरतात, त्याच्या सुमारे दहा हजारपट सावकाश ते पाण्यातून पसरतात. शिवाय हे पसरणं सरळ रेषेत नसतं. रेणू इकडेतिकडे धडपडत पुढे सरकतो, त्यामुळे अंतर दहापट झालं तर वेळ दहापट नव्हे, शंभरपट लागतो. आता हिशेब करा. एक सेंटिमीटर हवा ओलांडायला ऑक्सिजनला दोन-तीन सेकंद लागतात. एक मिलिमीटर जाडीचा पाण्याचा थर ओलांडायला साधारण चार मिनिटं. आणि एक सेंटिमीटर पाणी ओलांडायला सुमारे सात तास, तेही वाटेत कुणी तो गट्ट केला नाही तर! ओल्या कचऱ्यात गट्ट करणारे पावलोपावली बसलेले असतात. म्हणून लगद्याच्या गोळ्याला बाहेरून हवा लागली, तरी आतला भाग ऑक्सिजनविनाच राहतो. भोकं डब्याला असून उपयोग नाही, ती कचऱ्याच्या आत हवीत. दोन तुकड्यांमधल्या फटी हवेने भरल्या असतील तर डबा श्वास घेतो. त्याच फटी पाण्याने भरल्या की संपलं.

हे पाणी आपण ओतलेलं नसतं. भाजीतच असतं. चार माणसांच्या घरातला रोजचा अर्धा किलो ओला कचरा घ्या. भाजीची सालं, देठं, फळांच्या फोडी यांत साधारण ८५ टक्के पाणी धरलं, तर ४२५ ग्रॅम पाणी आणि फक्त ७५ ग्रॅम कोरडा माल. पेशी फुटल्या की ते पाणी बाहेर येतं आणि फटी बुजवतं. डब्यात ओलावा ६० टक्क्यांच्या आसपास असावा लागतो. तेवढ्यावर आणायचं तर किती वाळका पाला हवा? पाल्यात १० टक्के ओल धरून गणित केलं की उत्तर येतं २५० ग्रॅम. म्हणजे कचऱ्याच्या निम्म्या वजनाचा! चुरून भरला तरी छोटी बादलीभर होतो. ‘वर मूठभर पाला टाका’ ही सूचना कुठे कमी पडते, ते इथे कळतं. रोज वर-खाली केलं आणि झाकणाऐवजी कापड बांधलं, तर बरीच वाफ उडून जाते आणि पाला कमी पुरतो. पण मूठभर नाहीच.

कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा पाणी छान शोषतो, पण तो बारीक असतो. एकटाच वापरला तर दाबून बसतो. त्यात पालापाचोळा किंवा अंड्यांच्या ट्रेचे फाडलेले तुकडे मिसळले की फटी टिकतात. ओलावा तपासायला मूठभर माल घट्ट पिळावा. बोटांमधून एखाददुसरा थेंब आला तर ठीक, धार लागली तर पाला घाला.

इंदूरला ब्रिटिश कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी १९२०च्या दशकात शेतातल्या काडीकचऱ्यापासून खत करण्याची जी पद्धत बसवली, तिचाही रोख हवेवरच होता. खड्डे उथळ ठेवायचे आणि ठरावीक अंतराने ढीग उलथायचा. आपला डबा म्हणजे त्याचंच बाल्कनीतलं रूप.

आता गांडुळांकडे. ‘गांडुळं कचरा खातात’ हे अर्धंच खरं आहे. त्यांना दात नाहीत. ताजी गाजराची साल त्यांच्यापुढे ठेवली तर ती तशीच पडून राहते. जिवाणू आणि बुरश्यांनी ती मऊ केली की मग त्या जंतूंसकट ती गांडुळाच्या पोटात जाते. म्हणजे जिवाणूंना वगळून गांडुळाचं चालत नाही, आणि हवेचा नियम इथेही सुटत नाही. गांडुळाला फुप्फुसं नसतात, ते ओल्या त्वचेतून श्वास घेतं. म्हणून त्याला ७० ते ८० टक्के ओलावा सोसतो, हवाही असतो, पण साचलेलं पाणी नको. सकाळी गांडुळं टोपलीच्या कडेने वर चढलेली दिसली, तर ती ‘पळून’ चाललेली नसतात, खाली श्वास कोंडतोय म्हणून वर आलेली असतात. (कापलेल्या गांडुळाची दोन गांडुळं होतात, हेही सहसा खोटं. बहुतेक वेळा तोंडाकडचा भाग फार तर नवी शेपटी वाढवतो.)

बागेतली गांडुळं आणून टोपलीत सोडू नका. ती मातीत बिळं करणारी असतात, नुसत्या कचऱ्यात तगत नाहीत. आयसेनिया फेटिडा किंवा युड्रिलस युजेनी या पृष्ठभागावरच्या जाती लागतात. आयसेनियाला ३५ अंशांपुढे तग धरणं अवघड जातं, त्यामुळे नागपुरातल्या पश्चिमेकडे तोंड असलेल्या बाल्कनीत मे महिन्यात ती ठेवायची तर सावली आणि ओलं गोणपाट हवंच. युड्रिलसला उबदार हवा मानवते, थंडी नाही.

टोपली विकताना एक गोष्ट सहसा सांगत नाहीत. गांडुळं चांगल्या स्थितीत दिवसाला आपल्या वजनाच्या निम्मं खातात. म्हणजे रोजच्या अर्ध्या किलोला एक किलो गांडुळं हवीत. ती वरच्याच थरात राहत असल्याने खोली नव्हे, पसारा लागतो, जवळपास पाऊण चौरस मीटर. बाल्कनीत वॉशिंग मशीन असेल तर विषयच मिटला. छोट्या टोपलीत सगळा कचरा कोंबला की तो खायच्या आधी तापतो आणि गांडुळं मरतात. त्यामुळे सदनिकेत मला जोडीचीच पद्धत पटते. कचरा आधी पाल्यासह डब्यात तीन-चार आठवडे कुजू द्यावा, उष्णता ओसरली की त्यातला थोडा थोडा गांडुळांना द्यावा. उरलेला डब्यातच पूर्ण होतो, दोन-तीन महिन्यांत.

‘चोवीस तासांत खत’ देणारी विजेची यंत्रंही हल्ली दिसतात. त्यातली बरीच कचरा फक्त तापवून, वाळवून दळतात. पूड छान कोरडी दिसते, पण ती कुजलेली नसते. कुंडीत घालून पाणी दिलं की कुजणं तिथे सुरू होतं आणि मुळांभोवतीचा ऑक्सिजन आधी संपतो. शंका असेल तर चमचाभर पूड ओली करून बंद बरणीत दोन-तीन दिवस ठेवा आणि झाकण उघडून नाक लावा. आंबट किंवा सडका वास आला तर ते अजून खत नाही. डब्यातल्या खताचीही हीच परीक्षा. त्याला फक्त पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास यावा.